भीड, जामीन आणि एक सही

मराठीत ‘भीड’ हा एक फार नेमका शब्द आहे. भीती वेगळी, आदर वेगळा, प्रेम वेगळं. या तिघांची थोडी थोडी भेसळ झाली की भीड होते. आमच्या घरी यालाच ‘मुरव्वत’ म्हणत. अम्मीच्या तोंडी तो गुणवाचक शब्द होता, पण एखाद्याबद्दल तिनं “मुरव्वतीत मेला बिचारा” असं म्हटलं की तो गुण राहत नसे. मराठीत ‘भीड भिकेची बहीण’ ही म्हण आहेच. म्हणजे दोन्ही भाषांतल्या जुन्या माणसांना हा आजार पुरता ठाऊक होता. आपल्याला मात्र आता त्याला इंग्रजी नाव मिळाल्यावर तो नव्यानं आल्यासारखा वाटतो.

मी ज्या माणसांबद्दल लिहितोय ती लहान मुलं नाहीत. चाळिशी-पन्नाशीची, नोकरीत चार माणसं हाताखाली असलेली, सोसायटीच्या मीटिंगमध्ये बिल्डरच्या माणसाला आडवं घेणारी माणसं आहेत. रिक्षावाल्याशी दहा रुपयांसाठी भांडतील. पण मामेभावाचा फोन आला, “अरे, एक काम होतं,” की “हो हो, सांग ना” हे शब्द काम काय आहे ते कळायच्या आधीच तोंडातून बाहेर पडतात. फोन ठेवल्यावर चेहरा उतरतो. मग दोन दिवस घरात कुणाशी धड बोलणं नाही आणि ज्याच्यासाठी काम केलं त्याच्याबद्दल मनात कडू गाळ साचत जातो.

वर्तकनगरात हे जरा जास्तच पाहायला मिळतं, असं माझं मत आहे. म्हाडाच्या या जुन्या वसाहतीत माणसं लहान घरांत राहिली, पण ती ‘ठाण्यात स्थिरावलेली’ म्हणून गणली गेली. गावाकडच्या, भिवंडीच्या, मुंब्र्याच्या, कल्याणच्या नातेवाइकांना ठाण्यात दवाखाना असतो, परीक्षा असते, मुलगी पाहायची असते आणि मग हक्काचं घर म्हणजे आपलं. कुणाचं रेल्वेचं तत्काळ तिकीट, कुणाच्या मुलाला नोकरी, कुणाला पंधरा दिवस मुक्काम. आता इमारतींचा पुनर्विकास होऊन घरं थोडी मोठी झाली, तेव्हा अपेक्षाही त्या मानानं मोठ्या झाल्या. या सगळ्या कामांत मला सगळ्यात शिकवून जाणारं काम वाटतं ते सहीचं. कर्जाला जामीन राहण्याचं. कारण बाकी कामांत दमणूक होते आणि ती विसरता येते. सहीत मात्र भीड किती रुपयांना पडली हे अगदी कागदावर लिहून मिळतं.

आमच्या इमारतीत एक गृहस्थ आहेत, वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात सुपरवायझर. त्यांची परवानगी घेऊन, ओळख झाकून लिहितो. काही वर्षांपूर्वी त्यांच्या मेव्हण्यानं एका पतसंस्थेतून टेम्पोसाठी चार लाखांचं कर्ज काढलं. व्याज तेरा टक्के, मुदत पाच वर्षं. हप्ता साधारण नऊ हजार शंभर रुपये. “दाजी, फक्त एक सही पाहिजे, फॉर्मॅलिटी आहे.” बायकोचा सख्खा भाऊ. जेवणाचं ताट समोर आणि फॉर्म ताटाच्या शेजारी. दाजींनी सही केली. सही करताना पोटात खड्डा पडला होता, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. तो खड्डा खरं बोलत होता, पण भिडेला पोटाचं ऐकू येत नाही.

चौदा हप्ते नीट गेले. पंधराव्यापासून बंद. आता हिशेब बघा, कारण हा हिशेब सही करणाऱ्याला आधी कुणीच दाखवत नाही. चौदा हप्त्यांत मेव्हण्यानं जवळजवळ एक लाख सत्तावीस हजार भरले. कुणालाही वाटेल, कर्ज पावणेतीन लाखांवर आलं असेल. पण सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजाचाच वाटा मोठा असतो. मुद्दल कमी झालं होतं फक्त बहात्तर हजारांच्या आसपास. तीन लाख अठ्ठावीस हजार बाकी, त्यावर पुढचं व्याज आणि दंडव्याज वेगळं. आणि पतसंस्थेची नोटीस आली ती दोघांना, एकाच दिवशी.

दाजींना वाटत होतं की संस्था आधी मेव्हण्याच्या मागे लागेल, टेम्पो विकेल, तरीही नाही भागलं तर आपल्याकडे येईल. बहुतेक लोकांना असंच वाटतं. कायदा असं म्हणत नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर. म्हणजे संस्थेनं कर्जदाराला सोडून थेट जामीनदाराकडे मागितलं तरी चालतं. आणि संस्था शहाणी असते. ज्याचा पगार दर महिन्याला ठरलेल्या तारखेला बँकेत येतो त्याच्याकडेच ती जाते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली निबंधकाकडून वसुलीचा दाखला मिळवता येतो आणि मग वसुली अधिकारी जप्तीपर्यंत जाऊ शकतो. जामीनदार सज्जन आहे, त्यानं एक रुपयाही वापरला नाही, हा बचाव तिथे चालत नाही. पैसे भरल्यावर कर्जदाराकडून ते वसूल करण्याचा हक्क जामीनदाराला कायद्यानं मिळतो, हे खरं. पण बायकोच्या भावावर दावा कोण लावणार? भिडेमुळे सही केलेला माणूस भिडेमुळेच दावा लावत नाही.

आणि एकदा उचललेल्या कर्जातून ‘मला आता जामीन राहायचं नाही’ असं पत्र देऊन बाहेर पडता येत नाही. पुढे वाढत जाणाऱ्या व्यवहारासाठी दिलेली हमी नोटीस देऊन भविष्यापुरती मागे घेता येते, कलम १३० मध्ये तशी सोय आहे. पण एकरकमी दिलेल्या कर्जाच्या बाबतीत पैसे हातात पडले की गोष्ट संपली. नाही म्हणण्याची वेळ फक्त एकदाच असते, सहीच्या आधी. दुसरी खिडकी नाही.

‘जामीन’ हा शब्द मराठीत अरबीतून आला. ज्यानं दुसऱ्याची जबाबदारी स्वतःच्या अंगावर घेतली तो ज़ामिन. हदीसच्या ग्रंथांत एक प्रसंग सांगितला जातो. एका मृत माणसावर कर्ज होतं म्हणून पैगंबरांनी त्याच्या जनाज्याची नमाज स्वतः पढवायला नकार दिला. तेव्हा अबू कतादा नावाच्या साथीदारांनी ते कर्ज आपल्या अंगावर घेतलं आणि मग नमाज झाली. या प्रसंगातली मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी की तिथे ‘फॉर्मॅलिटी’ नव्हती. कर्ज अंगावर घेतलं म्हणजे खरोखरच घेतलं. ज्याला ते घ्यायचं होतं त्यानं स्वतः उठून सांगितलं. ताटाशेजारी फॉर्म सरकवून त्याच्याकडून ते वदवलं गेलं नव्हतं.

असो. दाजींकडे परत येतो. त्यांनी अडीच वर्षं त्या कर्जापायी पैसे भरले. पण मला जास्त लक्षात राहिलं ते पैशाच्या पलीकडचं. ते मेव्हण्याशी भांडले नाहीत. उलट सणासुदीला आला की हसून बोलायचे. आणि तो गेला की बायकोवर चिडायचे, भाजीत मीठ जास्त म्हणून, मुलाच्या मार्कांवरून, कशावरूनही. बायकोला कळायचं की हे मिठाचं नाही. मेव्हण्याला काहीच कळत नव्हतं, कारण त्याच्यापर्यंत राग पोचतच नव्हता. त्याच्या लेखी दाजी हसतमुख, मोठ्या मनाचे. वर्षभरानं त्यानं दुसऱ्या कामासाठीही विचारलं.

इथे मला भिडस्त माणसांबद्दल एक कडू गोष्ट सांगायची आहे. त्यांना राग येईल, पण सांगतो. भिडेपोटी दिलेला होकार हा आपण समजतो तसा दिलदारपणा नसतो. ती एक छुपी उधारी असते. वरून आपण म्हणतो, “अरे त्यात काय, आपलंच घर आहे.” आत मात्र वही उघडलेली असते. त्या वहीत मी तुझ्यासाठी हे केलं, ते केलं, असं लिहिलं जातं आणि परतफेडीची तारीखही आपणच मनात ठरवतो. समोरच्यानं ती वही कधी पाहिलेलीच नसते. मग तो आपल्या मुलीच्या लग्नात उशिरा आला की आपण त्याला बुडवा ठरवतो. ज्या करारावर त्याची सही नाही, तो करार मोडल्याचा आरोप आपण त्याच्यावर ठेवतो.

मागणाऱ्याला कळत का नाही, हा प्रश्न मला बराच काळ सतावत होता. फ्रान्सिस फ्लिन आणि व्हॅनेसा लेक या दोन अमेरिकन संशोधकांचं २००८ साली प्रसिद्ध झालेलं काम वाचल्यावर उलगडा झाला. त्यांनी लोकांना अनोळखी माणसांकडे छोटी छोटी मदत मागायला पाठवलं. प्रश्नावली भरून द्या, फोन वापरू द्या, अशी. जाण्याआधी विचारलं, किती जणांना विचारावं लागेल असं वाटतं? प्रत्यक्षात त्यांना अंदाजाच्या जवळपास निम्म्याच लोकांना विचारावं लागलं. मागणारा विचार करतो तो कामाच्या आकाराचा, काम मोठं की छोटं. ‘नाही’ म्हणणं समोरच्याला किती जड जाईल, हे त्याच्या ध्यानातच येत नाही. अनोळखी माणसाच्या बाबतीत हे असं, तर मेव्हण्याच्या बाबतीत काय होत असेल! म्हणून “त्याला कळायला नको का?” हा आपला आवडता प्रश्न सोडून द्यावा. त्याला कळत नाही. त्याचं कारण बहुतेकदा लबाडी नसते. आपण त्याला कळूच दिलेलं नसतं.

दाजींना बाहेर काढलं ते त्यांच्या मुलीनं. ती त्यांना समुपदेशकाकडे घेऊन गेली. ठाण्याचं या बाबतीत भाग्य चांगलं. डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० साली इथे इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ, म्हणजे आयपीएच सुरू केली. तेव्हापासून मनाच्या तक्रारीसाठी कुणाकडे जाणं या शहरात तुलनेनं कमी लाजेचं झालं. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती मराठी मध्यमवर्गाला त्यांच्या आणि कि. मो. फडके यांच्या लेखनातून, व्याख्यानांतून परिचयाची झाली. डॉ. अंजली जोशी यांचं ‘मी अल्बर्ट एलिस’ हे पुस्तक तर आमच्या वाचनालयात फिरून फिरून पार खिळखिळं झालं आहे.

एलिस यांनी माणसाच्या अविवेकी समजुतींची जी यादी केली, तिच्यातली पहिलीच समजूत आपल्या विषयाची आहे. मला महत्त्वाच्या असलेल्या प्रत्येक माणसानं मला चांगलं म्हटलंच पाहिजे, ही ती समजूत. यातली गोम ‘च’मध्ये आहे. नातेवाइकांनी आपल्याला चांगलं म्हणावं, ही इच्छा अगदी साधी, माणसाला शोभणारी आहे. तिचा ‘च’ झाला की मेव्हण्याची नाराजी ही न आवडणारी गोष्ट राहत नाही, ती आपत्ती होते. आणि आपत्ती टाळायला माणूस चार लाखांची सही करतो. समुपदेशकानं दाजींना विचारलेला प्रश्न मला फार आवडला. “तो नाराज झाला असता, तर नेमकं काय झालं असतं? पहिल्या दिवशी काय, दुसऱ्या दिवशी काय, महिन्यानं काय?” दाजींनी घरी बसून लिहून काढलं. पहिल्या दिवशी तो न जेवता गेला असता. दुसऱ्या दिवशी सासूबाईंचा फोन आला असता. बायको आठवडाभर घुश्श्यात राहिली असती. गणपतीत तो आला नसता, पुढच्या वर्षी आला असता. यादी तिथेच संपली. एका बाजूला ही यादी आणि दुसऱ्या बाजूला अडीच वर्षांचे हप्ते. ते म्हणाले, हे दोन कागद शेजारी ठेवल्यावर मला पहिल्यांदा हसू आलं.

पण कागदावर समजणं वेगळं आणि तोंडातून ‘नाही’ निघणं वेगळं. परीक्षा झाली ती गेल्या वर्षी. या वेळी चुलतभाऊ, डोंबिवलीचा. दुकानासाठी कर्ज, जामीन हवा. जुनं सगळं माहीत असूनही त्यानं विचारलं, कारण “तो मेव्हणा होता, मी तर रक्ताचा.” दाजींनी काय केलं ते मी नीट विचारून घेतलं, कारण या विषयावर उपदेश भरपूर मिळतो, प्रत्यक्ष संवाद कुणी सांगत नाही.

पहिलं त्यांनी फोनवर उत्तरच दिलं नाही. “ऐकलं मी. उद्या संध्याकाळी सांगतो.” एवढंच. भिडस्त माणसाचा ‘हो’ हा प्रतिक्षिप्त असतो, डोळ्यासमोर हात आला की पापणी मिटते तसा. त्याच्याशी त्याच क्षणी झुंजण्यात अर्थ नाही. त्याला वेळ दिला की तो ओसरतो. आणि उद्या सांगतो म्हटल्यावर उद्या आपण होऊन फोन करायचा. समोरच्याला आशेवर लटकवत ठेवणं, फोन न उचलणं, ‘बघू’ म्हणत राहणं ही भिडेचीच दुसरी तऱ्हा आहे आणि मागणाऱ्याच्या दृष्टीनं नकारापेक्षा वाईट. त्याला दुसरीकडे बघायचं असतं, त्याचे दिवस जातात.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगितलं, “मी कुणालाही जामीन राहत नाही. तुलाही राहणार नाही.”

“अरे दादा, पण का?”

“मी सही करत नाही.”

इथे खरी मेख आहे. आपण नकार दिला की लगेच कारण द्यायला धावतो. माझंच लोन चालू आहे, ऑफिसात परवानगी लागते, हिची तब्येत. प्रत्येक कारण ही समोरच्यासाठी एक अडचण असते आणि अडचण सोडवायला तो बसलेलाच असतो. लोन चालू आहे? चालतं, मी विचारलंय मॅनेजरला. परवानगी लागते? मी येतो तुझ्या साहेबांना भेटायला. कारणं संपली की आपण उघडे पडतो, आणि त्यातलं एखादं खोटं असेल तर मग विचारूच नका. मॅन्युएल स्मिथ या मानसशास्त्रज्ञानं १९७५ साली नकाराच्या अपराधी भावनेवर लिहिलेल्या पुस्तकात याला साधा उपाय दिला आहे. ग्रामोफोनची तबकडी अडकली की सुई तीच ओळ वाजवत राहते, तसं तेच वाक्य शांतपणे पुन्हा म्हणायचं. आवाज न चढवता, नवं कारण न जोडता. माझ्या अम्मीनं असलं कुठलं पुस्तक वाचलं नव्हतं, पण ती हेच करायची. “नाही जमणार” म्हणायची आणि लगेच चहा टाकायला उठायची. का नाही जमणार, हे मला मुलगा असूनही कधी कळलं नाही.

चुलतभाऊ चारदा फिरून त्याच जागी आला. मग त्याची आई, म्हणजे काकू फोनवर आल्या. “तुझ्या काकांनी तुला दोन वर्षं घरात ठेवून शिकवलं, विसरलास?” हा घाव वर्मी बसतो, कारण तो खरा असतो. दाजी म्हणाले, “काकू, तुम्ही ठेवलंत म्हणून मी शिकलो. ते मी विसरलो नाही, विसरणारही नाही. सही मी करणार नाही.” दोन्ही वाक्यं खरी होती आणि त्यांच्यामध्ये त्यांनी ‘पण’ घातला नाही, हे मला विशेष वाटलं. उपकार मान्य, सही नाही.

त्यानंतरचे पंधरा दिवस वाईट गेले. दुसऱ्या काकांचा फोन, व्हॉट्सॲपवरच्या घरच्या ग्रुपमध्ये रक्ताच्या नात्यावरचे सुविचार, एका साखरपुड्यात काकूंनी तोंड फिरवणं. नवशिके इथेच खचतात. त्यांना वाटतं की नाही म्हणून फायदा काय, त्रास तर वाढला. त्रास वाढणारच. जे दार वर्षानुवर्षं एका धक्क्यात उघडलं, ते उघडलं नाही तर माणूस आधी जोरात धक्का मारतो, मगच दुसरं दार शोधतो. वर्तनशास्त्रात हा नेहमीचा अनुभव आहे. धोका असा की पाचव्या धक्क्याला आपण दार उघडलं, तर समोरचा शिकतो की पाच धक्के मारावे लागतात. पुढच्या वेळी तो चारवर थांबणार नाही. म्हणून जिथे शेवटपर्यंत टिकता येणार नाही तिथे आधीच हो म्हटलेलं परवडतं. सुरुवात लहान कामापासून करावी असं समुपदेशक सांगतात ते याचसाठी. तत्काळ तिकिटाला नाही म्हणून बघा, जामिनाची वेळ येईल तेव्हा जिभेला वळण पडलेलं असेल.

दाजींनी आणखी एक गोष्ट केली. नकारानंतर आठवड्यानं ते स्वतः डोंबिवलीला गेले आणि चुलतभावाला पंचवीस हजार रुपये दिले. कर्ज म्हणून नाही. आकडा कसा ठरवला, असं मी विचारलं. ते म्हणाले, “परत आले नाहीत तरी त्याच्या घरी जाऊन मी आत्तासारखाच जेवू शकेन, असा आकडा काढला. पन्नासला जेवण कडू झालं असतं.” नात्यात पैसे देण्याचं याहून चांगलं माप मला माहीत नाही.

आता यावर माझे काही वाचक म्हणतील, हे सगळं पाश्चात्त्य झालं. आपल्याकडे नातेवाइकांचा हक्क असतो, आणि मुसलमानांत तर सिला-रहमी, नाती जोडून ठेवणं, हे कर्तव्य आहे. मान्य. पण ज्या सूरह बनी इस्राईलमध्ये नातेवाइकाचा हक्क देण्याची आज्ञा आहे (आयत २६), तिथेच दोन आयतींनंतर, देण्यासारखं काही नसेल आणि तोंड फिरवावं लागलं तर त्यांच्याशी मऊपणानं बोला, असं सांगितलं आहे. आणि त्याच्या पुढच्याच आयतीत हात मानेला बांधून ठेवू नका आणि पुरता मोकळाही सोडू नका, नाहीतर दोष खात रिकामे बसाल, या अर्थाचा इशारा आहे. म्हणजे नातेवाइकाला नकार देण्याचा प्रसंग येणार हे गृहीतच धरलेलं आहे. तो कसा द्यायचा हे सांगितलेलं आहे. सूरह बकरहमध्ये (२६३) तर, मागाहून दुखावणाऱ्या दानापेक्षा गोड शब्द आणि क्षमा बरी, असं म्हटलं आहे. मेव्हण्याचं कर्ज फेडून बायकोला मिठावरून टाकून बोलणारे दाजी मला ही आयत वाचताना दर वेळी आठवतात.

उलट बाजूनं, मोबाइलवर तीस सेकंदांत ‘टॉक्सिक नातेवाईक तोडून टाका’ सांगणाऱ्यांशीही माझं जमत नाही. ज्याच्याकडे भरपूर पैसा, विमा आणि हवं तिथे भाड्यानं मिळणारं घर आहे त्याला ते परवडतं. आमच्यापैकी अनेकांना आडनाव ऐकून घर नाकारलं जातं, तेव्हा राबोडीतल्या फुफीची खोलीच कामाला येते. मयतीला खांदा नातेवाईकच देतात. नातं हा आपल्याकडे विमाच आहे आणि त्याचा हप्ता भरावा लागतो. तंटा हप्त्याच्या रकमेबद्दल आहे. म्हाताऱ्या आईवडिलांचा सांभाळ हा भिडेचा प्रश्नच नाही, ती जबाबदारी २००७ च्या कायद्यानंही मुलांवर टाकलेली आहे. आणि ज्या घरात ‘नाही’ म्हटल्यावर हात उगारला जातो, तिथे माझा हा लेख बाजूला ठेवावा. तिथे आधी सुरक्षित जागा, मग वाक्यांचा सराव.

एक बाब मात्र या चर्चेत फार क्वचित येते. पुरुषाच्या भिडेचं बिल बहुतेकदा बाई भरते. “या ना, आपलंच घर आहे, महिनाभर राहा” हे फोनवर बोलणारा घरातला पुरुष असतो. पाच वाजता उठून दवाखान्याचा डबा करणारी, बिनतेलाची भाजी वेगळी टाकणारी, स्वतःच्या मुलीला परीक्षेच्या दिवसांत शेजारणीकडे अभ्यासाला पाठवणारी बाई त्या फोनवर कुठेच नसते. त्याचा तो मोठेपणा असतो आणि तिच्या वाट्याला तिचं वागणं तपासलं जातं. तिनं चेहरा पाडला तर सून माणूसघाणी. तिला ‘नाही म्हणायला शिक’ असं सांगणं मला क्रूर वाटतं, कारण सासरच्या माणसांना नाही म्हणण्याची किंमत तिला एकटीला मोजावी लागते. तो नकार ज्याच्या नात्यातून मागणी आली त्यानं द्यायचा. नवऱ्याच्या बहिणीला नवऱ्यानं, बायकोच्या भावाला बायकोनं.

दाजींच्या घरी आता तसंच ठरलं आहे. मेव्हण्याचा अलीकडे पुन्हा फोन आला होता, मुलाला क्लाससाठी वर्षभर तुमच्याकडे ठेवतो म्हणून. दाजी म्हणाले, “थांब, ताईला देतो.” वहिनींनी फोन घेतला, “उद्या सांगते” म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी स्वतः फोन करून सांगितलं की वर्षभर नाही जमणार, परीक्षेचे चार दिवस खुशाल पाठव. कारण सांगितलं नाही. भाऊ जरा फुरंगटला आहे. परीक्षा मार्चमध्ये आहे.